लाइट्स क्रायटेरिया एक्झुडेट म्हणतात, पेशंट हार्ट फेल्युअरचा दिसतो: उत्तर काय लिहायचं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. इंटर्नशिप संपत आली आहे, पीजीच्या परीक्षेची तयारी चालू आहे. काल एका टेस्ट सिरीजमध्ये हा प्रश्न आला आणि रात्री झोप लागली नाही, म्हणून इथे मांडते.

६२ वर्षांच्या बाई. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला, इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के. दम लागतो, पायावर सूज. दोन्ही बाजूंना छातीत पाणी, उजवीकडे जास्त. ताप नाही, छातीत टोचत नाही. पाच दिवस शिरेतून फ्युरोसेमाइड दिलं, सूज उतरली, पण उजवीकडचं पाणी पुरतं हटेना म्हणून टॅप केलं. रिपोर्ट असा:

पाण्यातलं प्रोटीन ३.४, रक्तातलं ६.४ ग्रॅम प्रति डेसिलिटर.
पाण्यातलं एलडीएच ११८, रक्तातलं २१०. लॅबची वरची मर्यादा २२२.
पाण्यातलं अल्ब्युमिन १.९, रक्तातलं ३.५.

विचारलंय, पाणी कशामुळे झालं असण्याची शक्यता सर्वांत जास्त? पर्याय: टीबी, हार्ट फेल्युअर, कॅन्सर, न्यूमोनियाशेजारचं पाणी.

मी गणित केलं. ३.४ ÷ ६.४ = ०.५३, म्हणजे ०.५ च्या वर. तिथेच थांबले. लाइट्सच्या तीनपैकी एक निकष लागला की एक्झुडेट, म्हणजे आवरणाच्या आजारामुळे आलेलं पाणी, आणि एकही नाही लागला तर ट्रान्सुडेट, म्हणजे दाबामुळे झिरपलेलं, हे घोकलेलं. मग हार्ट फेल्युअर बाद केलं आणि वय बघून कॅन्सर टिकवलं. उत्तर हार्ट फेल्युअर निघालं. स्पष्टीकरणात एकच ओळ होती, 'अल्ब्युमिन ग्रेडियंट १.६'. मला ती ओळ समजून घ्यायची आहे. नियम मोडायचा कधी, हे कुणी ठरवायचं?

रातराणी
अगं, याला एवढं कशाला? प्रोटीन ३ च्या वर एक्झुडेट, ३ च्या खाली ट्रान्सुडेट. इथे ३.४ आहे, म्हणजे एक्झुडेटच. उत्तराची चावीच चुकली असेल. मी दुसऱ्यांदा परीक्षा देतेय, अशा चुकीच्या चाव्या खूप पाहिल्यात. आणि अल्ब्युमिन ग्रेडियंट १.१ चा असतो, तो पोटातल्या पाण्यासाठी. छातीसाठी नाही वापरत.

सोनकी
रातराणी, दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. १.१ पोटातल्या पाण्याचा, बरोबर. छातीतल्या पाण्यासाठीही तसंच रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं वजा करतात, पण रेषा १.२ वर आहे. दोन्हीकडे फरक मोठा असला की पाणी दाबामुळे आलंय असा कल धरतात, म्हणून गल्लत होते. पण पोटात ती पहिली पायरी आहे. छातीत ती पहिली पायरी नाही, आणि या प्रश्नाची गोम तिथेच आहे.

मी मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे, वॉर्डात आठवड्याला दोन-तीन टॅप होतात. सविस्तर रात्री ड्यूटी संपल्यावर लिहिते.

जुना_स्टेथो
कृष्णाकाठ, बाळ, प्रश्न चांगला विचारलास. चावी बरोबर आहे. आता का बरोबर आहे ते बघू.

रातराणीने ३ ग्रॅमचा आकडा दिला, तो तिने कुठून तरी उचललेला नाही. १९७२ च्या आधी आम्हाला शिकवणाऱ्यांची पिढी तोच वापरत होती. त्यात दोन्ही बाजूंनी चुका व्हायच्या. त्या वर्षी रिचर्ड लाइट आणि सहकाऱ्यांनी १५० पेशंटचं पाणी तपासून हे तीन निकष मांडले. मूळ लेखात एलडीएचचा एक निकष 'पाण्यात २०० च्या वर' असा होता. पण प्रत्येक लॅबची मोजण्याची पद्धत वेगळी, म्हणून पुढे तो 'लॅबच्या वरच्या मर्यादेच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त' असा झाला. पोरं प्रोटीनच्या भागाकाराचे ०.५, एलडीएचच्या भागाकाराचे ०.६ आणि हे दोन तृतीयांश पाठ करतात. 'तीनपैकी कोणताही एक' हे शब्द तिथे कशासाठी आहेत, हे मात्र कुणी विचारत नाही.

हे असं बघ. दारावर तीन पहारेकरी उभे आहेत. तिघांपैकी एकानेही 'हा चोर वाटतो' म्हटलं की त्याला अडवायचं. मग खरा चोर जवळजवळ सुटत नाही. पण काही साधी माणसंही अडकतात, कारण प्रत्येक पहारेकऱ्याची थोडी चूक असते आणि तिघांच्या चुका एकत्र जमा होतात. लाइट्स क्रायटेरियाचं हेच आहे. टीबी, कॅन्सर, पू यांपैकी काही हातातून निसटू नये म्हणून ते मुद्दाम कडक ठेवले. त्याची किंमत ट्रान्सुडेटला मोजावी लागते. साधारण पाचात एक खरा ट्रान्सुडेट त्यात एक्झुडेट म्हणून पकडला जातो, आणि पकडले जाणारे बरेचसे लॅसिक्सवर, म्हणजे फ्युरोसेमाइडवर असतात.

अनघा_को
सर, मग तिन्ही निकष लागले तरच एक्झुडेट म्हणावं असं का नाही केलं? साधी माणसं सुटतील ना.

जुना_स्टेथो
सुटतील, पण त्यांच्याबरोबर चोरही सुटतील. चाळिशीच्या माणसाला टीबीचं पाणी झालंय आणि एलडीएच अजून फार वाढलेलं नाही, असं होतं. तिन्हींची अट घातली तर तो ट्रान्सुडेट ठरतो, लॅसिक्सची गोळी घेऊन घरी जातो आणि तीन महिन्यांनी जाड आवरणाचं फुप्फुस घेऊन परत येतो. हार्ट फेल्युअरच्या बाईंना चुकून एक्झुडेट म्हटलं तर त्यांना आणखी एक-दोन तपासण्या कराव्या लागतात. या दोन चुकांची किंमत सारखी नाही.

कृष्णाकाठ
हे कळलं सर. पण लॅसिक्समुळे प्रोटीन वाढतं म्हणजे नेमकं काय होतं? औषध तर पाणी काढतं, प्रोटीन घालत नाही.

जुना_स्टेथो
बरोबर, घालत नाही. पाणी आधी निघून जातं, प्रोटीन मागे राहतं. मीठ घातलेली आमटी उकळत ठेवली की खारट होते, तसंच.

समजण्यासाठी आकडे घेऊ, हे माझे कल्पित आकडे आहेत. पहिल्या दिवशी या बाईंच्या छातीत १ लिटर पाणी आहे, प्रोटीन २.६ ग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे लिटरभर पाण्यात २६ ग्रॅम. रक्तात ६.२. भागाकार ०.४२, स्वच्छ ट्रान्सुडेट. पाच दिवस औषध चाललं. रक्तवाहिन्यांमधला दाब उतरला आणि पाणी परत शोषलं जाऊ लागलं. पाण्याचे कण छोटे, ते भराभर गेले. प्रोटीनचे मोठे, ते हळू गेले. आता ७०० मिली पाणी आणि त्यात २४ ग्रॅम प्रोटीन शिल्लक. प्रति डेसिलिटर ३.४. रक्तही थोडं घट्ट होऊन ६.४ झालं. भागाकार ०.५३. आजार तोच, छाती तीच, आणि तरी पाणी रेषा ओलांडून गेलं.

एलडीएचचंही तेच. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा: पाणी कधी काढलं? औषधाच्या आधी की नंतर?

सोनकी
ड्यूटी संपली. सरांनी मुख्य भाग सांगितलाच आहे, तेव्हा मी कृष्णाकाठचं गणित शेवटपर्यंत नेते, कारण ती पहिल्या निकषाला थांबली आणि सगळं तिथेच बिघडलं.

प्रोटीनचा भागाकार ०.५३, रेषा ०.५. लागला, पण काठावर.
एलडीएचचा भागाकार ११८ ÷ २१० = ०.५६, रेषा ०.६. नाही लागला.
२२२ चे दोन तृतीयांश १४८. पाण्यात ११८. नाही लागला.

तीनपैकी एकच, तोही केसभर. मोठ्या टीबीच्या किंवा पुवाच्या पाण्यात आकडे सहसा असे काठावर बसत नाहीत, ते रेषा बऱ्याच फरकाने ओलांडतात. गोष्ट हार्ट फेल्युअरची, आकडा काठावरचा आणि औषध चालू. या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुढची पायरी: रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं वजा करायचं. ३.५ वजा १.९ = १.६. १.२ च्या वर गेलं म्हणजे ट्रान्सुडेट धरायचं.

परीक्षेत अल्ब्युमिनचा आकडा फुकट देत नाहीत. लाइट्स क्रायटेरियात अल्ब्युमिन कुठेही नाही. प्रश्नात तो दिलाय म्हणजे वजाबाकी करायची आहे.

रातराणी
ठीक आहे, माझं चुकलं. पण मग ग्रेडियंटच सगळ्यांना का लावत नाही? एवढं चांगलं असेल तर लाइट्स हवेच कशाला?

सोनकी
कारण ग्रेडियंट दुसऱ्या बाजूला चुकतो. तो ट्रान्सुडेट चांगले ओळखतो, पण काही खरी एक्झुडेटही १.२ च्या वर जातात, कॅन्सरचं पाणीसुद्धा. म्हणून क्रम उलटा चालत नाही. आधी लाइट्स. ते ट्रान्सुडेट म्हणाले तर विषय संपला. एक्झुडेट म्हणाले आणि पेशंटची गोष्ट त्याच्याशी जुळत नसली, तरच ग्रेडियंट. तापाने फणफणलेल्या आणि छातीत टोचणाऱ्या माणसाला ग्रेडियंट १.४ आला म्हणून कुणी घरी पाठवणार नाही.

नळी_आणि_काच
मी २२ वर्षं लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री बघते. पुस्तकात येत नाहीत पण आकडे बिघडवतात अशा गोष्टी सांगते.

सर्वांत मोठी अडचण ही की आमच्याकडे फक्त पाणी येतं. सोबत रक्त येत नाही. फॉर्मवर लिहिलेलं असतं 'ट्रान्सुडेट की एक्झुडेट'. भागाकार करायला खालचा आकडाच नाही. मग फोन करायचा, तोवर संध्याकाळ झालेली, आणि दुसऱ्या दिवशी सलाइन, लॅसिक्स सगळं बदलल्यावर रक्त येतं. पाणी आणि रक्त त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाभरात हवं.

दुसरं, रंग. नळी फिरवून घेतली की वरचं पाणी गवताच्या काडीसारखं पिवळं दिसायला हवं. कधी सुई शिरेला लागते आणि पाण्यात रक्त मिसळतं, फिरवल्यानंतरही वरचा थर गुलाबी राहतो. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं एलडीएच बाहेर पडतं. अशा नमुन्यात फक्त एलडीएचचा निकष लागला असेल आणि प्रोटीन शांत असेल, तर माझा त्यावर विश्वास बसत नाही. उलटंही होतं: रक्ताचाच नमुना फुटलेला असेल तर रक्तातलं एलडीएच खोटं वाढतं, भागाकार खोटा कमी होतो आणि खरं एक्झुडेट ट्रान्सुडेट दिसतं. ही दुसरी चूक जास्त घातक, कारण ती कुणाच्या नजरेत येत नाही.

अनघा_को
ताई, रक्ताचा नमुना आलाच नाही तर पाण्यावरून काहीच सांगता येत नाही का?

नळी_आणि_काच
सांगता येतं, थोडं. पाण्यातलं कोलेस्टेरॉल ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल, किंवा पाण्यातलं एलडीएच लॅबच्या वरच्या मर्यादेच्या ०.४५ पटीपेक्षा जास्त असेल, तर एक्झुडेटकडे कल जातो. कोलेस्टेरॉलची रेषा काही ठिकाणी ६० धरतात. यासाठी रक्त लागत नाही. पण हा पर्याय अडचणीतला, पहिला नव्हे.

वाटसरू
नमस्कार. मी डॉक्टर नाही, शाळेत शिक्षक आहे. धागा वाचून धीर करून लिहितोय. वडील ७१ वर्षांचे, हृदयाचं दुखणं जुनं आहे. गेल्या आठवड्यात त्यांच्या छातीतून पाणी काढलं. मी शेजारी उभा होतो. ते पलंगाच्या कडेला बसून समोरच्या टेबलावर डोकं टेकवून होते, आणि मोठ्या सिरिंजमध्ये फिकट पिवळं पाणी येत होतं. रिपोर्टवर 'एक्झुडेट' लिहून आलंय. मी समजत होतो की एक्झुडेट म्हणजे कॅन्सर. डॉक्टर म्हणाले टीबी असू शकतो, औषधं सुरू करू. घरी सगळे घाबरलेत. इथे तुम्ही म्हणताय एक्झुडेट चुकीचंही असू शकतं. म्हणजे रिपोर्ट खोटा आहे का?

जुना_स्टेथो
वाटसरू साहेब, आधी एक स्पष्ट करतो. एक्झुडेट हे आजाराचं नाव नाही. पाणी कोणत्या वाटेने आलं, एवढंच त्यातून कळतं. दाब वाढल्यामुळे झिरपलं, की आवरणालाच सूज किंवा इजा झाल्यामुळे आलं. एक्झुडेटमागे टीबी, न्यूमोनिया, कॅन्सर, फुप्फुसात गुठळी, संधिवात, बरंच काही असू शकतं.

पेशंट न पाहता मी तुम्हाला औषध घ्या किंवा घेऊ नका असं सांगणार नाही. पण रिपोर्टमधले आकडे लिहा, त्यांतून डॉक्टरांना विचारण्यासारखा प्रश्न निघाला तर काढू. पाणी काढण्याआधी लघवी होण्याची औषधं चालू होती का? पाण्यातल्या पेशी आणि एडीए, म्हणजे टीबीत वाढणारं एन्झाइम, किती आले?

वाटसरू
हो, लॅसिक्स महिनाभर चालू आहे, आधीच्या आठवड्यात डोस वाढवला होता. पाण्यातलं प्रोटीन ३.२, एलडीएच २४०, एडीए १४, पेशी ३२०, त्यांत लिम्फोसाइट ८० टक्के. रक्ताचा रिपोर्ट आदल्या दिवशीचा: प्रोटीन ६.६, एलडीएच १९०. कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत असं लिहिलंय. लिम्फोसाइट जास्त म्हणून टीबी, असं डॉक्टर म्हणाले.

सोनकी
३.२ ÷ ६.६ = ०.४८. प्रोटीनचा निकष लागत नाही. २४० ÷ १९० = १.२६. एलडीएचवर मात्र जोरात लागतो. फरक एवढा असेल तर मी हे काठावरचं म्हणणार नाही, सर. फक्त एलडीएच एवढं वर गेलं की आम्हाला कॅन्सरचा संशय घ्यायला शिकवलंय.

नळी_आणि_काच
थांबा. दोन्ही तपासण्या एकाच लॅबच्या आहेत का? दोन्ही कागदांवर एलडीएचसमोर नॉर्मलचा आकडा काय छापलाय?

वाटसरू
वेगवेगळ्या लॅब आहेत. रक्त गावातल्या लॅबमध्ये दिलं होतं, तिथे १२५ ते २२० लिहिलंय. पाणी शहरात गेलं, तिथल्या कागदावर २३० ते ४६०.

नळी_आणि_काच
मला हीच शंका होती. एलडीएच मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकीत लॅक्टेटपासून पायरुव्हेट होतं ते मोजतात, दुसरीत उलट्या दिशेने. उलट्या दिशेची क्रिया वेगाने होते, म्हणून तोच नमुना तिथे साधारण दुप्पट आकडा देतो. नॉर्मलची मर्यादाही म्हणूनच दुप्पट छापलेली असते. गावातला १९० आणि शहरातला २४० यांचा भागाकार करणं म्हणजे एक अंतर फुटात आणि दुसरं मीटरमध्ये मोजून तुलना करणं. १.२६ ला काही अर्थ नाही.

पाण्याचा आकडा पाण्याच्याच लॅबच्या मर्यादेशी लावून बघा. ४६० चे दोन तृतीयांश ३०७. पाण्यात २४०. तिसरा निकष लागत नाही.

राहिला एलडीएचचा भागाकार, तो आत्ता कुणीच सांगू शकत नाही. अंदाजाने दुप्पट-निम्मे करून तो काढू नका, तसं केलं तर आकडा ०.६ च्या आसपासच येईल आणि त्यातून काही ठरणार नाही. ज्या लॅबमध्ये पाणी तपासलं तिथेच रक्ताचं एलडीएच करून घ्या म्हणून डॉक्टरांना विनंती करा. दिवस उलटलेत, तेव्हा तेही तंतोतंत नसेल, पण निदान मोजपट्टी एक असेल.

सोनकी
मी ते बघितलंच नाही. वॉर्डात दोन्ही नमुने एकाच मशीनवर जातात, त्यामुळे ही सवयच लागली नाही. माझा कॅन्सरचा संशय मागे घेते.

जुना_स्टेथो
दोन गोष्टी जोडतो. लिम्फोसाइट ८० टक्के म्हणजे टीबी, हे आपल्याकडे पटकन म्हटलं जातं, कारण टीबीच्या पाण्यात ते जास्त असतात हे खरं आहे. पण हार्ट फेल्युअरच्या साध्या ट्रान्सुडेटमध्येही लिम्फोसाइट निम्म्याहून जास्त असू शकतात. एकूण पेशी ३२० म्हणजे फार नाहीत. एडीए ४० च्या वर असता तर लिम्फोसाइटसोबत टीबीचं वजन वाढलं असतं. १४ हा आकडा टीबीच्या विरुद्ध बोलतो.

म्हणून साहेब, डॉक्टरांशी भांडू नका. दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारा: 'दोन लॅबच्या मर्यादा वेगळ्या आहेत, एडीए १४ आहे, आणि बाबा लॅसिक्सवर होते. औषधं सुरू करायच्या आधी एलडीएच एका लॅबमध्ये परत करून अल्ब्युमिनचा फरक काढता येईल का?' चांगल्या डॉक्टरला असा प्रश्न आवडतो. ताप आला, वजन उतरत गेलं किंवा दम वाढला तर मात्र वाट बघू नका.

कृष्णाकाठ
वाटसरू काका, बाबांची काळजी घ्या, पुढे काय झालं ते जरूर सांगा.

सर, मला एक अडलंय. प्रोटीनचाही असा फरक काढतात ना, ३.१ च्या वर असला की ट्रान्सुडेट? माझ्या प्रश्नातल्या बाईंचा ६.४ वजा ३.४ = ३.०. म्हणजे प्रोटीनचा फरक एक्झुडेट म्हणतो आणि अल्ब्युमिनचा ट्रान्सुडेट. कुणाचं ऐकायचं?

सोनकी
हार्ट फेल्युअरमध्ये अल्ब्युमिनचं. लॅसिक्समुळे फसलेली हार्ट फेल्युअरची पाणी ओळखण्यात अल्ब्युमिनचा फरक प्रोटीनच्या फरकापेक्षा जास्त वेळा बरोबर ठरतो. प्रोटीनचा फरक वापरायचा तो अल्ब्युमिन केलेलंच नसेल तेव्हा. सोय असेल तर एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की वाढणारा घटक बघावा, पाण्यात १५०० पिकोग्रॅमच्या वर असलं तर हार्ट फेल्युअरकडे झुकतं. त्यासाठी पाणीच लागतं असं नाही, रक्तातला आकडाही जवळपास तेच सांगतो.

जुना_स्टेथो
सोनकीशी सहमत, पण एक सावधगिरी. अल्ब्युमिनचा फरक रक्तातल्या अल्ब्युमिनवर उभा आहे. लघवीतून प्रोटीन वाहून जाणाऱ्या नेफ्रोटिकच्या पोराचं रक्तातलं अल्ब्युमिन १.५ असेल, तर फरक १.२ ओलांडायला पाण्यात ०.३ पेक्षाही कमी हवं. ते बहुधा होत नाही. तिथे फरक छोटा आला म्हणून एक्झुडेट म्हणू नका, रक्तात वजाबाकी करण्याइतकं अल्ब्युमिनच नाही. या प्रश्नातल्या बाईंचं ३.५ आहे, म्हणून इथे ग्रेडियंट चालतो.

रातराणी
मला अजून एक पटत नाहीये, सांगू का? समजा प्रश्नात लॅसिक्सचा उल्लेखच नाही आणि अल्ब्युमिनही दिलेलं नाही. फक्त हार्ट फेल्युअरची बाई आणि ०.५३. मग? मी तर एक्झुडेट म्हणूनच उत्तर लिहीन. परीक्षक तेवढंच विचारतोय.

सोनकी
'हे पाणी कोणत्या प्रकारचं' असं विचारलं असेल तर मीही एक्झुडेटच लिहीन. 'कारण काय' असं विचारलं असेल तर दोन्ही बाजूंना पाणी, ताप नाही, हृदय कमजोर, या गोष्टींचं वजन मी ०.०३ पेक्षा जास्त धरीन.

अनघा_को
मी इथे रातराणीच्या बाजूने आहे. न दिलेलं औषध आपण मनाने घालायचं नाही. प्रश्नात आहे तेवढ्यावरच उत्तर द्यायचं.

जुना_स्टेथो
औषध मनाने घालू नका, पण कहाणी पुसूनही टाकू नका. यावर मी परीक्षक असतानाही आमच्यात वाद व्हायचे. दोन परीक्षक एकाच पोराला वेगळे मार्क द्यायचे.

वाटसरू
चार दिवसांनी लिहितोय. डॉक्टरांनी दोन्ही कागद पाहिले, थोडा वेळ गप्प राहिले आणि 'हे माझ्या लक्षात आलं नव्हतं' म्हणाले. शहरातल्या त्याच लॅबमध्ये रक्त दिलं. एलडीएच ४१० आलं. मी स्वतः भागाकार केला, २४० ÷ ४१० = ०.५९. अल्ब्युमिन पाण्यात तेव्हा केलेलं नव्हतं आणि आता पाणी शिल्लक नाही, म्हणून तो फरक काढता येत नाही. टीबीची औषधं सध्या थांबवली आहेत. लॅसिक्सचा डोस बदललाय, पुढच्या सोमवारी परत एक्स-रे. बाबांना ताप नाही, रात्री उशी एक कमी लागते.

नळी_आणि_काच
०.५९ म्हणजे ०.६ च्या खाली, पण जेमतेम, आणि रक्त नंतरच्या दिवसाचं आहे. म्हणून या आकड्याने गोष्ट संपली असं समजू नका, सोमवारचा एक्स-रे चुकवू नका. परत पाणी काढायची वेळ आली तर सुई घालायच्या आधीच सांगा: पाणी आणि रक्त एकाच वेळी, एकाच लॅबला, आणि फॉर्मवर दोन्हीकडे अल्ब्युमिन लिहायचं.

वाटसरू
लिहून ठेवलंय, ताई. सोमवारी सांगतो.